बिलातला एक पैसा येतो कुठून?

चहा पावडरीच्या एका पुड्याची करपूर्व किंमत १०७ रुपये आहे असं धरू. चहावर जीएसटी ५ टक्के. माल राज्यातल्या राज्यात विकला तर त्यातले अडीच टक्के केंद्राचे आणि अडीच टक्के राज्याचे. १०७ चे अडीच टक्के कागदावर काढले तर दोन रुपये साडेसदुसष्ट पैसे येतात. अर्धा पैसा कोणी देत नाही की घेत नाही, म्हणून शाळेत शिकवलेल्या नियमाने अर्धा वर ढकलायचा आणि २ रुपये ६८ पैसे लिहायचे. इथवर कोणाचाही वाद नसावा.

आता हेच गणित पायथन या भाषेत, दोन प्रकारे मांडून संगणकाला घालू. उजवीकडे आलेलं उत्तर आहे.

```python
round(107 * 2.5 / 100, 2)   # 2.67
round(107 * 0.025, 2)       # 2.68
```

अडीचने गुणून शंभराने भागा, किंवा थेट ०.०२५ ने गुणा. माणसाच्या दृष्टीने दोन्ही एकच. संगणकाला मात्र पहिल्या वाटेने एक पैसा कमी मिळतो. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलिंगच्या प्रोग्राममध्ये पहिलं सूत्र असेल आणि खरेदीदाराच्या हिशेबनिसाच्या प्रोग्राममध्ये दुसरं, तर या एका पुड्यावर केंद्राच्या करात एक पैसा आणि राज्याच्या करात एक पैसा असा दोन पैशांचा फरक पडतो. महिनाअखेरीला खरेदी-विक्रीचा ताळा घ्यायला बसलं की तो साडेतीन रुपये, अकरा रुपये अशा कुठल्यातरी विचित्र आकड्यात समोर येतो. रक्कम किरकोळ असते, पण ती का आली हे सांगता येत नाही, आणि हिशेबनिसाची झोप उडते ती त्यामुळे.

यात चूक कोणाची? पायथनची नाही. संगणकात अपूर्णांक साठवण्याची सर्वांत रुळलेली पद्धत द्विमान आहे, म्हणजे फक्त ० आणि १ यांची. तिचं प्रमाणीकरण १९८५ साली झालं आणि आज जवळपास प्रत्येक प्रोसेसर त्याच नियमांनी चालतो. दशमान पद्धतीत बिंदूच्या उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश अशी घरं असतात. द्विमान पद्धतीत तिथे अर्धा, पाव, अर्धपाव, एक षोडशांश अशी घरं असतात. ज्या अपूर्णांकाची बेरीज या घरांतून नेमकी जुळते तो तंतोतंत साठतो. बाकीच्यांची गत आपल्या पद्धतीत एक तृतीयांशाची होते तशी, ०.३३३३ लिहीत राहावं आणि ते कधीच संपू नये. दहा पैसे, म्हणजे रुपयाचा एक दशांश, द्विमानात असाच न संपणारा आकडा आहे. संगणकाकडे त्याच्यासाठी ५३ द्विमान अंकांची जागा असते. तेवढी भरली की तो थांबतो आणि जवळात जवळचा आकडा ठेवून देतो.

रुपयाच्या शून्यापासून नव्याण्णव पैशांपर्यंतच्या शंभर किमतींपैकी द्विमानात नेमक्या बसणाऱ्या फक्त चार आहेत: शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर पैसे. चार आणे, आठ आणे, बारा आणे! इतकंच काय, एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, आणि सोळावा भाग द्विमानात कणभरही न हलता बसतो. १ एप्रिल १९५७ ला आपण शंभर नव्या पैशांचा रुपया स्वीकारला तो हिशेब सोपा व्हावा म्हणून, आणि माणसांसाठी तो झालाही. पण त्यानंतर आलेल्या यंत्रांना खरं तर आण्यांचा रुपया जास्त मानवला असता.

आता पुन्हा चहाच्या पुड्याकडे. २.६७५ या आकड्याला संगणकाकडे नेमकी जागा नाही. त्याच्या सर्वांत जवळची जागा २.६७४९९९९९९९९९९९९८२… ही आहे, साडेसदुसष्ट पैशांपेक्षा अतिसूक्ष्म कमी. भागाकाराच्या वाटेने आपण तिथे पोचतो, आणि अर्ध्याला केसभर कमी पडल्यामुळे आकडा खाली ६७ वर जातो. दुसऱ्या वाटेत ०.०२५ हाच आकडा मुळात केसभर जास्त साठलेला असतो. त्याला १०७ ने गुणल्यावर उत्तर वरच्या जागेवर, २.६७५००००००००००००२६… वर, बसतं आणि ६८ होतं. घसरण सोळाव्या-सतराव्या अंकावर आहे, एरवी कोणाला दिसलीही नसती. पूर्णांकन करताना मात्र आपण नेमका प्रश्न विचारतो, ‘अर्ध्याच्या वर की खाली?’ आणि त्या काठावर सोळावा अंकही निकाल फिरवतो. म्हणून हा दोष सगळ्या बिलांवर दिसत नाही. ज्या ओळींचा कर बरोबर अर्ध्या पैशावर पडतो त्याच ओळी बिघडतात. शोधणाऱ्याला ही मोठीच खूण आहे: फरक तुरळक असेल, नेहमी एकाच पैशाचा असेल आणि ठरावीक किमतींवरच येत असेल, तर आधी साठवणुकीकडे पाहावं.

पडद्यावर हे सहसा उघडं पडत नाही, कारण आकडा दाखवताना प्रोग्राम तो सभ्य करून दाखवतात. आत २.६७४९९… असलं तरी पडद्यावर २.६७५ च येतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे अर्ध्या जागेत आकडा साठवणारा `FLOAT`. मायएसक्यूएलमध्ये कोणी घाईत किमतीच्या रकान्याला हा प्रकार दिला तर त्याच्याकडे फक्त २४ द्विमान अंक उरतात. रक्कम १,३१,०७२ रुपयांच्या पुढे गेली की दोन लगतच्या साठवता येणाऱ्या आकड्यांमधलं अंतर दीड पैशाहून जास्त होतं, म्हणजे काही पैसे त्या रकान्यात मांडताच येत नाहीत. तिथे प्रश्न पूर्णांकनापर्यंत पोचतही नाही, रक्कम लिहितानाच बदललेली असते.

यावरचा उपाय जुना आहे. बँकांसाठी आणि सरकारी हिशेबांसाठी कोबोल ही भाषा वापरली जायची तेव्हापासून पैशाचे आकडे दशमान अंकांतच ठेवण्याची रीत आहे. आजच्या डेटाबेसमध्ये तिला `DECIMAL` किंवा `NUMERIC` म्हणतात. `NUMERIC(12,2)` असं लिहिलं की एकूण बारा अंक आणि त्यातले दोन बिंदूनंतर. पोस्टग्रेस हा डेटाबेस आतमध्ये दर चार दशमान अंकांचा एक गट करून आकडा ठेवतो, त्यामुळे ६७ पैसे हे ६७ पैसेच राहतात. याचं गणित थोडं संथ चालतं, पण बिलांच्या कामात ते जाणवत नाही. दुसरी पद्धत म्हणजे रुपये विसरून सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवायचं: १०७ रुपये म्हणजे १०७००. तीही चोख आहे. फक्त किलोला अमुक, मीटरला तमुक असे पैशाच्याही खाली जाणारे दर आले की अवघड होते, आणि कधीतरी कोणीतरी शंभराने भागायला विसरतो.

रकान्याचा प्रकार बदलला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. आकडा डेटाबेसपर्यंत पोचतो तो प्रोग्राममधून, आणि वाटेत एकदा जरी तो द्विमानातून गेला तरी घाण बरोबर येते. पायथनमधलं हे पाहा:

```python
Decimal(2.675)
# 2.67499999999999982236431605997495353221893310546875
Decimal("2.675")
# 2.675
```

पहिल्या ओळीत अवतरणचिन्हं नाहीत. त्यामुळे २.६७५ आधी द्विमान होतो, आणि नेमक्या प्रकाराने तो चुकीचा आकडा नेमकेपणाने जपून ठेवला! जावातही `BigDecimal` बाबत हाच सापळा आहे. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तर साधा आकडा द्विमानातच ठेवते, म्हणून किंमत तिथून पाठवताना अक्षरांच्या रूपात पाठवावी आणि कराचं गणित सर्व्हरवरच करावं.

पूर्णांकनाचा नियमही प्रोग्रामला सांगावा लागतो. पायथनचा दशमान प्रकार, काही सांगितलं नाही तर, बरोबर अर्धा आल्यावर सम अंकाकडे जातो. म्हणजे २.६७५ चे २.६८, पण २.६६५ चे २.६६. मोठ्या बेरजांमध्ये एका बाजूला कल जाऊ नये म्हणून संख्याशास्त्रात ही रीत चांगली समजतात. आपल्या जीएसटी कायद्याच्या कलम १७० ने मात्र कराची रक्कम जवळच्या रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर आणि कमी असतील तर सोडून द्यायचे, असं स्पष्ट म्हटलं आहे. २५० रुपये ५० पैसे कायद्याने २५१ होतात, पायथनच्या मूळ नियमाने २५०. तेव्हा `ROUND_HALF_UP` हे तीन शब्द लिहावेच लागतात. परत आलेल्या मालाचंही एक भान हवं. जावास्क्रिप्टचं `Math.round` अडीचचे तीन करतं, पण उणे अडीचचे उणे दोन. विक्री आणि तिचीच परतफेड अशाने एकमेकींना काटत नाहीत. पोस्टग्रेसचा `round` नेमक्या दशमान आकड्यावर दोन्ही बाजूंना सारखा वागतो, म्हणून मी हे काम डेटाबेसकडे देण्याच्या बाजूचा आहे.

इतकं सगळं नीट केलं की लोकांची अपेक्षा असते की आता बिलं जुळतील. जुळत नाहीत. कारण बिलात दोन वेगळ्या तऱ्हेचे फरक मिसळलेले असतात. पहिला साठवणुकीचा, तो वर संपला. दुसरा पूर्णांकन कुठे करायचं याचा, आणि त्याला कुठलाही नेमका प्रकार औषध नाही. तो कागद-पेन्सिलीनेही येतो.

समजा बिलात दहा वेगवेगळ्या वस्तू आहेत, प्रत्येक २१ रुपयांची, प्रत्येकीवर ५ टक्के कर. एका ओळीवर केंद्राचा कर साडेबावन्न पैसे, पूर्णांकात ५३ पैसे. दहा ओळींचे झाले ५ रुपये ३० पैसे. आता आधी बेरीज करू: २१० रुपये, त्यावर अडीच टक्के म्हणजे बरोबर ५ रुपये २५ पैसे. पाच पैशांचा फरक, राज्याचा कर धरला तर दहा पैशांचा, आणि दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर. नव्या पैशाच्या पहिल्या दिवसांत लोकांनी हे अनुभवलंच होतं. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, व्यवहारात ६ धरायचे. एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ नवे पैसे, आणि एकदम चार आण्यांचा व्यवहार केला तर २५.

या फरकाची खूण वेगळी असते. तो ओळींच्या संख्येबरोबर वाढतो, आणि एका करासाठी दर ओळीमागे अर्ध्या पैशाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. दहा ओळींच्या बिलात पाच पैसे ही त्याची कमाल मर्यादा, वरचं उदाहरण मुद्दाम त्या टोकाचं घेतलं आहे. दहा ओळींच्या बिलात एका करात तीस पैशांचा फरक असेल तर कारण दुसरंच आहे: दर चुकला असेल, सूट कराआधी धरली की नंतर यात गोंधळ असेल, किंवा एखादी ओळच राहिली असेल. ही मर्यादा डोक्यात ठेवली की पूर्णांकनाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या बऱ्याच खऱ्या चुका पकडता येतात.

मग कर ओळीवर काढायचा की बेरजेवर? माझं मत ओळीवर. बिलात प्रत्येक ओळीसमोर कराचा आकडा छापलेला असतो आणि खालची बेरीज त्या आकड्यांचीच असली पाहिजे. घेणाऱ्याने कॅल्क्युलेटरवर रकाना बेरजेला टाकला तर छापलेलीच रक्कम यावी. पाच कोटींच्या वर वार्षिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला माल विकताना जे ई-बिल नोंदवावं लागतं, त्याच्या आराखड्यातही कराची रक्कम ओळीगणिक द्यायची असते. महत्त्वाचं हे की निर्णय एकच असावा, आणि बिल छापणाऱ्या, विवरणपत्र भरणाऱ्या आणि मालपरती करणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांनी तो पाळावा. बरेचदा एकाच दुकानात बिल ओळीवर चालतं आणि महिन्याचा अहवाल बेरजेवर, कारण ते लिहिणारी माणसं वेगळी होती.

सर्वांत अवघड प्रकरण छापील किमतीचं आहे. किरकोळ दुकानात किंमत करासकट असते आणि कर तिच्यातून मागे काढावा लागतो. १८ टक्के कराची, १०० रुपये छापील किमतीची वस्तू घेऊ. १०० ला १.१८ ने भागलं की मूळ किंमत ८४.७४५७… येते. तिचे ९ टक्के ७.६२७१…. तिन्ही आकडे आपापले पूर्णांकात आणले तर ८४.७५, ७.६३ आणि ७.६३. बेरीज करून पाहा: १०० रुपये १ पैसा. गिऱ्हाइकाला दाखवलेली किंमत शंभर आणि बिल सांगतंय शंभरावर एक पैसा, आणि छापील किमतीच्या वर तर एक पैसाही घेता येत नाही.

इथला उपाय साधा आहे. तिन्ही आकडे स्वतंत्र काढायचे नाहीत. दोन्ही कर आधी काढायचे, ७.६३ आणि ७.६३, आणि मूळ किंमत उरलेली धरायची: १०० वजा १५.२६, म्हणजे ८४.७४. मग पडताळा: ८४.७४ चे ९ टक्के ७.६२६६, म्हणजे ७.६३. जुळलं. ज्यांचं मूळ किमतीला आधी हात घालून तीच पक्की धरण्याचं वळण आहे त्यांना हा क्रम उलटा वाटतो, पण तोच बरोबर चालतो. दोन्ही कर एकमेकांसारखे असलेच पाहिजेत, एकूण रक्कम छापलेली आहे, मग हलवायला मोकळी एकच जागा उरते.

पण हा उपायही सगळीकडे पुरत नाही. १८ टक्के कराचं विजेचं एक साधं बटण, छापील किंमत २० रुपये, एवढं घ्या. कर प्रत्येकी १.५२५४…, म्हणजे १.५३. उरलेली मूळ किंमत १६.९४. पडताळा करायला जावं तर १६.९४ चे ९ टक्के १.५२४६, म्हणजे १.५२! मूळ किंमत एक पैशाने वाढवून १६.९५ करावी तर कर १.५३ बरोबर येतो, पण एकूण होते २०.०१. मूळ किंमत १६.९४ आणि कर १.५२ धरले तर १९.९८. वीस रुपये मधल्या मधे राहतात आणि कशानेच मिळत नाहीत.

हे प्रोग्रामचं अपयश नाही, अशी फोड अस्तित्वातच नाही. मूळ किंमत एका पैशाने वाढली की दोन्ही कर एक तर तसेच राहतात किंवा दोन्ही एकदम एका पैशाने वाढतात. म्हणून एकूण रक्कम एक पैशाने तरी सरकते किंवा तीन पैशांनी तरी, आणि तीन पैशांची उडी पडते तिथे मधल्या दोन रकमा वगळल्या जातात. १८ टक्क्यांच्या वस्तूंत दर ११८ लगतच्या रकमांपैकी १८ रकमा अशा सुटतात, सरासरी सहा-सातातली एक. गंमत म्हणजे तेच बटण परराज्यात विकलं, जिथे १८ टक्के एकच कर लागतो, तर १६.९५ अधिक ३.०५ मिळून बरोबर २० होतात.

अशा वेळी कराचा आकडा पिळून बेरीज जुळवणं चूक. मूळ किंमत १६.९५, कर प्रत्येकी १.५३, आणि शेवटी ‘राउंड ऑफ’ म्हणून उणे एक पैसा, असं उघड लिहावं. कराची प्रत्येक ओळ तिच्या दराशी जुळते, गिऱ्हाइकाकडून वीसच रुपये घेतले जातात आणि एका पैशाचा खुलासा कागदावर राहतो. ई-बिलाच्या आराखड्यातही या पैशासाठी `RndOffAmt` नावाची वेगळी जागा ठेवलेली आहे. आणखी एक पथ्य म्हणजे गणित नगावर न करता ओळीवर करावं. पाच बटणं एका ओळीत घेतली की ओळ शंभर रुपयांची होते आणि मघाच्याप्रमाणे ८४.७४ वर स्वच्छ सुटते. एका नगाचे आकडे पाचने गुणले तर मात्र १००.०५ येतात.

एकगठ्ठा सूट वाटतानाही हीच जात भेटते. तीन सारख्या ओळींवर मिळून शंभर रुपये सूट म्हणजे प्रत्येकी ३३.३३ आणि एक पैसा शिल्लक. तो कोणत्यातरी एका ओळीला द्यायचा, आणि कोणाला दिला ते त्या ओळीत साठवून ठेवायचं. पुढे त्यातली एक वस्तू परत आली की साठवलेला वाटा वजा करायचा, नव्याने भागाकार करायचा नाही.

आता ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांची बिलं द्विमान रकान्यांत पडून आहेत त्यांचं काय? किंमतपत्रकाचं रूपांतर वाटतं तितकं धोक्याचं नाही. माणसाने १९.९९ असं टंकलेला आकडा आत केसभर वेगळा साठलेला असला तरी पहिल्या पंधरा अंकांत तो १९.९९ च असतो, आणि पोस्टग्रेस दशमानात बदलताना तेवढेच अंक घेतो. हे `DOUBLE` साठी, चोवीस अंकी `FLOAT` मधल्या मोठ्या रकमांना ही हमी नाही.

```sql
ALTER TABLE items
  ALTER COLUMN price TYPE numeric(12,2)
  USING round(price::numeric, 2);
```

हे चालवण्याआधी एक गोष्ट पाहून घ्यावी: दोन दशमान स्थळांत न बसणाऱ्या किमती किती आहेत? अशा ओळी सापडतातच. कोणीतरी छापील किमतीतून मूळ किंमत काढून ८४.७४५७६ असं ठेवून दिलेलं असतं. तिला दोन स्थळांत आणलं तर शंभर रुपयांची वस्तू कायमची १०० रुपये १ पैशाची होते. तिथे मूळ किंमत फेकून छापील किंमतच साठवावी. माणसाने ठरवलेला आकडा साठवायचा, त्यातून निघणारा आकडा बिल करताना काढायचा.

बिलांचं उलटं आहे. बिलावर छापून गेलेला प्रत्येक आकडा, मूळ किंमत, कर, राउंड ऑफ, जसा गेला तसा साठवायचा आणि पुन्हा कधी मोजायचा नाही. नवं शुद्ध सूत्र जुन्या बिलांवर चालवण्याचा मोह फार होतो. मग गिऱ्हाइकाच्या फायलीतलं बिल एक सांगतं, दुकानाचा डेटाबेस दुसरं, आणि भरलेलं विवरणपत्र तिसरं. दुरुस्ती करावीच लागली तर क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट काढणं हा कायद्यातला मार्ग आहे, आणि एक-दोन पैशांसाठी तो कोणी चोखाळत नाही. तेव्हा जुनं शोधायचं, मोजायचं, पण हलवायचं नाही. रकाने दशमान केल्यावर शोधायला एवढं पुरतं:

```sql
SELECT bill_no, line_no, taxable, cgst
FROM bill_lines
WHERE cgst <> round(taxable * cgst_rate / 100, 2);
```

यात फक्त १०७ रुपयांच्या चहासारख्या, अर्ध्या पैशाच्या काठावरच्या ओळी आल्या तर दोष साठवणुकीचा होता. यादी रिकामी असून बिलाची बेरीज जुळत नसेल तर पूर्णांकनाची जागा वेगळी आहे. छापील किमतीच्या वस्तूच तेवढ्या आल्या तर कोणीतरी करात पैसा जिरवून बेरीज जुळवत होतं.

याच्या पुढची राखण खतावणीतल्या ‘राउंड ऑफ’ खात्याने करावी. एकूण बिल पूर्ण रुपयात आणताना दर बिलाला जास्तीत जास्त पन्नास पैसे वर किंवा एकोणपन्नास पैसे खाली होतात, आणि बिलांचे शेवटचे पैसे विखुरलेले असतील तर ते एकमेकांना काटत जातात. अर्धा नेहमी वर जात असल्याने बिलामागे सरासरी अर्धा पैसा शिल्लक राहतो. महिन्याला तीन हजार बिलं असतील तर हा कल पंधरा रुपयांचा, आणि योगायोगाचं मागेपुढे धरूनही खातं साधारण पन्नास रुपयांच्या आत राहायला हवं. ते चारपाचशेवर गेलं तर कुठेतरी पूर्णांकनाऐवजी नुसती काटछाट चालली आहे. कॅनडातल्या व्हँकूवरच्या शेअर बाजाराचं असंच झालं होतं. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला त्यांचा निर्देशांक प्रत्येक सौद्यानंतर नव्याने काढला जाई, आणि तीन दशमान स्थळांनंतरचे अंक पूर्णांकन न करता छाटले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२० च्या आसपास उतरला होता. नीट मोजल्यावर तो हजाराच्या वर निघाला.

एकच वस्तू एकाच भावाने दिवसभर विकणाऱ्या दुकानाला मात्र हा पन्नास रुपयांचा अंदाज लागू नाही. तिथे प्रत्येक बिल तेवढ्याच पैशांनी एकाच बाजूला सरकतं आणि खातं सरळ फुगत जातं. अशा दुकानात बिलांची संख्या आणि एका बिलाचा राउंड ऑफ यांचा गुणाकार खात्यातल्या शिलकीशी ताडून पाहावा.